एकदम घेतले, एकदम देईन

दोन हजार अठरा साल होतं आणि मी सदुसष्ट वर्षांचा होतो. त्या वर्षी मी बारा लाखांचं कर्ज काढलं. या वयात लोक कर्ज फेडून माळ हातात घेतात. मी हातात टेप घेऊन गच्चीवर फिरत होतो, वर चार खोल्या बसतील की पाच, ते मोजत.

शेगावात, मंदिरापासून चालत सात मिनिटांवर, माझा लॉज आहे. आठ खोल्या खाली होत्या. पाटीवर 'भक्तांसाठी उत्तम सोय' असं लिहिलेलं आहे. सोय उत्तम होती असं मी म्हणत नाही, पण पाणी चोवीस तास होतं आणि चादर रोज बदलायची, हे खरं. गुरुवारी आणि सुट्ट्यांत माणसं परत पाठवावी लागत. परत जाणाऱ्या माणसाची पाठ पाहिली की मला भाडं चालत जाताना दिसायचं. म्हणून वरचा मजला.

पोरगा बी.कॉम. आहे. काउंटरवर तोच बसतो. तो मला पतसंस्थेत घेऊन गेला. संस्थेचा मॅनेजर चांगला माणूस. चष्मा कपाळावर ठेवायचा आणि टेबलावर शोधायचा. त्यानं कागदावर आकडे मांडले आणि म्हणाला, "काका, बारा टक्के दर, पाच वर्षं. महिन्याचा हप्ता येतो सव्वीस हजार सहाशे त्र्याण्णव. त्यात व्याजही जाते अन् मुद्दलही. पाच वर्षांनी हिशेब साफ."

मी विचारलं, "म्हणजे दर महिन्याले मुद्दलाचा थोडा थोडा तुकडा तोडून द्यायचा?"

"हाव. तसंच म्हणा."

"मग नाही पायजे."

मॅनेजरनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. पोरगा छताकडे पाहू लागला. त्याला माहीत होतं आता काय येणार.

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही मले बारा लाख तुकड्यानं देऊन राह्यले का? नाही ना? एकदम देता ना? मग मी काऊन तुकड्यानं देऊ? मी एकदम घेतले, एकदम देईन. भिकाऱ्यावानी चिल्लर देणार नाही."

खरं सांगतो, हे बोलताना मला फार बरं वाटलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. आकड्यांत माझं कोणी ऐकत नाही, म्हणून मी बोलण्यात वजन ठेवतो.

मॅनेजर म्हणाला, तशी योजना आहे. त्यांच्या भाषेत 'एकरकमी मुद्दल'. दर महिन्याला फक्त व्याज भरायचं, बारा लाखांवर एक टक्का, म्हणजे बारा हजार. मुद्दल जागचं हलत नाही. पाच वर्षं बाराचे बारा लाख उभे राहतात आणि शेवटच्या तारखेला सगळे एकदम द्यायचे.

"हेच," मी म्हटलं. "हे माणसासारखं आहे."

"पण काका, त्या दिवशी बारा लाख आणणार कोठून? लॉज गहाण आहे. नाही आले तर संस्थेले लॉजवर यावं लागते. म्हणून आमची अट आहे. व्याजाच्या जोडीले एक आरडी काढायची. दर महिन्याले सोळा हजार दोनशे पन्नास. आठ टक्क्यांनं, साठ हप्त्यांत, तिचे बारा लाख होतात. वर दोन-अडीचशे रुपये. ती आरडी संस्थेकडे तारण राहील. मध्ये हात लावायचा नाही. तिला आम्ही कर्जफेड निधी म्हणतो."

पोरानं तेवढ्यात मोबाइलवर बोट फिरवलं. "बाबा, बारा अन् सव्वासोळा, महिन्याचे अठ्ठावीस हजार दोनशे पन्नास झाले. हप्ता सव्वीस हजार सहाशे त्र्याण्णव होता. महिन्याले पंधराशे सत्तावन्न जास्त. पाच वर्षांचे त्र्याण्णव हजार चारशे वीस. कर्जाले बारा टक्के देऊन राह्यले अन् ठेवीवर आठ टक्के घेऊन राह्यले, फरक तर पडणारच."

"मग?"

"मग काय, तुमच्या त्या 'एकदम'ची किंमत त्र्याण्णव हजार आहे."

"स्वस्त आहे," मी म्हटलं आणि सही केली.

कर्जाच्या कागदांवर एप्रिलच्या दहा तारखेला सह्या झाल्या, आणि त्याच दिवशी आरडीही उघडायची होती. त्यासाठी शेजारच्या टेबलावर पाठवलं. तिथं एक नवीन क्लार्क होता. त्यानं माझ्या धोतराकडे पाहिलं, शाईचा डबा पुढे सरकवला आणि म्हणाला, "आजोबा, अंगठा ना?"

आत्ताच मी शेजारी अकरा ठिकाणी सही करून आलो होतो. मी उठलो. पोरगा म्हणाला, "बाबा, बसा." मॅनेजर म्हणाला, "काका, अहो, पोराले माहीत नव्हतं." मी सरळ बाहेर. आरडी एक महिन्यानं उघडली, मेच्या दहा तारखेला, गुरुवार पाहून. त्या क्लार्कनं स्वतः उठून खुर्ची दिली आणि पेनाचं टोपण काढून दिलं, तेव्हा. मला वाटलं, जिंकलो. त्या महिन्याचं काय झालं ते पुढे येईल.

आता महिन्याचे सव्वासोळा हजार काढायचे कुठून? पोरगा म्हणाला, गल्ल्यातून काढू. मी म्हटलं, गल्ल्यात पैसे राहत नाहीत. गल्ल्याला पाय असतात. आमच्या गावाकडे, वडनेर भोलजीच्या बाजूला तीन एकर आहे, तिथं माझा बाप एक झाड देवाचं म्हणून सोडायचा. त्याच्या आंब्याला घरातलं कोणी हात लावायचं नाही. मी लॉजमधली एक खोली कर्जाची म्हणून सोडली. सात नंबर. भाडं सहाशे. सत्तावीस रात्री भरली की सोळा हजार दोनशे. वरचे पन्नास बायकोच्या चहातले. खोलीचा पैसा गल्ल्यात नाही, एका वेगळ्या डब्यात. डबा माझ्या उशाशी.

सात नंबर ही आमची सगळ्यात वाईट खोली होती. तिच्या मागेच पाण्याची मोटर. पहाटे चारला मोटर सुरू झाली की पलंग थोडा सरकायचा. पण कर्जाची खोली म्हटल्यावर ती रोज भरलीच पाहिजे. म्हणून कोणी आलं की मी पोराच्या आधी बोलायचो, "सात नंबर द्या त्यांना. पहाटे काकड आरतीला जाग येते तिथं. बाकी खोल्यांत माणूस झोपूनच राहतो." लोक पाया पडून किल्ली घ्यायचे.

सात नंबरला सवलत नव्हती. नात्यातल्यांनाही नाही. बायकोचा सख्खा भाऊ आला, तिनं त्याला सात नंबरमध्ये ठेवलं. सकाळी मी त्याच्यापुढे पावती धरली. तो हसला. मी हसलो नाही. त्यानं सहाशे दिले आणि दोन वर्षं आला नाही. बायको म्हणाली, "माह्या भावाले लुटलं."

"मी नाही लुटलं. कर्जानं लुटलं."

पण सत्तावीस रात्री दर महिन्याला कुठल्या भरतात! पावसाळ्यात मंगळवारी, बुधवारी खोल्या रिकाम्या. डब्यात बारा हजार, तेरा हजार. तेव्हा मी एक शोध लावला, जो पोराच्या बी.कॉम.च्या पुस्तकातही नसेल. खोली रिकामी राहिली की मी स्वतः त्या खोलीत झोपायला जायचो. सकाळी उठून काउंटरवर यायचो, रजिस्टरमध्ये नाव, गाव, येण्याचं कारण लिहायचो आणि गल्ल्यातले सहाशे काढून डब्यात टाकायचो. कारणाच्या रकान्यात 'दर्शन' लिहायचो.

बायको दारात उभी राहून म्हणायची, "काय हो पाहुणे, रात्री झोप लागली का? चहा पाठवू का खोलीवर? चहाचे पैसे वेगळे."

"पाठवा."

"एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात टाकता अन् त्याच्यासाठी मोटरीजवळ झोपता. पलंग घरी नाही का?"

"पैशाले कळलं पायजे आपण कोणाचे आहो. गल्ल्यातला पैसा कोणाचाही असते. डब्यातला कर्जाचा असते."

ती म्हणाली, "अन् माणूस कोणाचा असते?" यावर मी चहा प्यालो.

पोरगा आधी चिडायचा. मग त्यानं वर्षाअखेरीला पाहिलं, एकही हप्ता चुकला नव्हता. त्यानंतर तो पावती स्वतः फाडून द्यायचा, आणि वर म्हणायचा, "पुन्हा या."

मग तो रोग आला आणि मंदिर बंद झालं. शेगाव असं रिकामं मी कधी पाहिलं नव्हतं. कुत्र्यांनाही कळेना कोणामागे जावं. बारा खोल्यांचा लॉज, वरच्या चार तर कोऱ्या, आणि त्यात मुक्कामाला एक माणूस, सात नंबरमध्ये. तेव्हा गल्लाच रिकामा होता, तर त्यातून काढणार काय? सोयाबीनचे पैसे आले ते सगळे व्याजात आणि आरडीत गेले. बायकोनं दोन वर्षं लुगडं घेतलं नाही. हे ती अजून मोजून सांगते. मी मॅनेजरला विचारलं नाही की थांबता का. विचारलं असतं तर थांबले असते, असं पोरगा म्हणतो. मी म्हणतो, म्हणूनच विचारलं नाही.

मंदिर उघडलं, माणसं आली, वरच्या खोल्या भरू लागल्या. दोन हजार तेवीस उजाडलं. मी बहात्तरचा. मार्चमध्ये मॅनेजरचा फोन आला.

"काका, दहा एप्रिलले मुदत संपते. बारा लाख."

"आहेत की. तुमच्याच जवळ आहेत."

"ते मेच्या दहा तारखेले मिळतात, काका."

मी फोन पोराकडे दिला. पोरानं दोन मिनिटं ऐकलं आणि खाली बसला.

पाच वर्षं व्याजाची तारीख दहा आणि आरडीचीही दहा. दोन्ही पावत्या एकाच पिशवीत. कोणाच्याच लक्षात आलं नाही की दोघी एका दिवशी जन्मल्या नाहीत. कर्ज एप्रिलचं, आरडी मेची. निधीला साठ महिने हवेत, कर्ज साठ महिन्यांनी दारात, आणि मध्ये तो एक महिना, जो मी शाईच्या डब्यावर रुसून घालवला होता.

आम्ही संस्थेत गेलो. मॅनेजरनं दोन रस्ते सांगितले. एक, आरडी मुदतीआधी मोडायची. मोडली की दर आठाचा सात होतो. हाती येतात अकरा लाख शेचाळीस हजार. वरचे चोपन्न हजार खिशातून घाला आणि दहा एप्रिलला मोकळे व्हा. दोन, महिनाभर थांबा. आरडीचा शेवटचा हप्ता भरा, दहा मेला बारा लाख पूर्ण घ्या. पण तो एक महिना कर्ज थकीत. बाराच्या जागी चौदा टक्के, म्हणजे त्या महिन्याचे चौदा हजार.

"ठेवीवर कर्जही मिळते," तो म्हणाला, "पण नव्वदच टक्के. पावणेदोन लाख रोख लागतील तरी."

"कर्ज फेडायले कर्ज? नाही."

पोरानं हिशेब केला. "मोडली तर खिशातून चोपन्न हजार. थांबलो तर शेवटचा हप्ता सव्वासोळा अन् व्याज चौदा, तीस-सव्वातीस हजार. थांबणं चोवीस हजारानं स्वस्त."

"बाकी काही?" मी विचारलं.

मॅनेजर टेबलावर वाकला. चष्मा शोधू लागला. मला माहीत होतं तो काय सांगत नाही. त्या संस्थेत रीत होती. महिनाअखेरीला ज्याचं कर्ज थकीत, त्याचं नाव एक-दोन तारखेला बाहेरच्या बोर्डावर लागायचं. मोठ्या अक्षरात. रक्कम पुढे. बोर्डाखाली बाक होता आणि बाकासमोर चहाची टपरी, म्हणजे शेगावातली निम्मी माणसं तो बोर्ड रोज वाचायची. मीही वाचायचो. माझ्या लॉजशेजारच्या पेढेवाल्याचं नाव त्यावर किती वर्षं होतं, आणि मी त्याच्या दुकानासमोरून जाताना नेहमी मोठ्यानं विचारायचो, "काय बे, बोर्डावर बरा आहेस ना?"

"मोडा," मी म्हटलं. "आजच मोडा."

पोरगा म्हणाला, "चोपन्न हजार कोठून आणता?"

मी घरी आलो आणि बायकोच्या हातातल्या पाटल्यांकडे पाहिलं. तिनं हात पदराखाली घेतले.

"बोला," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. ती ऐकत गेली. अंगठ्याची गोष्ट आली तिथं थोडी हसली. मग म्हणाली, "म्हणजे नाव बोर्डावर लागू नये म्हणून चोवीस हजार जास्त द्यायचे?"

"नावाची किंमत असते."

"असते ना. पण चोवीस हजार? तुमच्या नावाले? बाप्पा! पाच वर्षं मोटरीजवळ झोपून एक एक सहाशे जमवले. चोवीस हजार म्हणजे चाळीस रात्री होतात. त्या चाळीस रात्री तुम्ही एका बोर्डाले देऊन टाकता? मी नाही देत पाटल्या. नाव पायजे असन तर तुमचं विका."

माझ्या आयुष्यात मी कोणाचं ऐकलं नाही, असं मी सांगत असतो. त्या दिवशीही ऐकलं नाही. फक्त मी पुन्हा संस्थेत गेलो नाही.

दहा एप्रिलला आरडीचा साठावा हप्ता भरला आणि त्या महिन्याचं व्याज भरलं. बारा लाख भरले नाहीत. मेची एक तारीख सुट्टीची, म्हणून यादी दोन तारखेला लागली. मी पाहायला जाणार नव्हतो. सकाळी नऊलाच पेढेवाला लॉजवर आला. हातात द्रोण.

"घ्या, काका. पेढा."

"कायचा?"

"तुमचं नाव लागलं. माह्या खालीच आहे. इतके वर्षं एकटाच होतो त्या ओळीत, मन लागत नव्हतं. अन् रक्कम काय, बारा लाख! माहे तर साडेतीनच. आता बोर्डाले वजन आलं."

पोरगा काउंटरखाली वाकून काहीतरी शोधू लागला. त्याचे खांदे हलत होते.

"माहे पैसे ठेवीत आहेत," मी म्हटलं. "आठ दिवसांत भरतो."

"सगळे असंच म्हणतात, काका. मीही पहिल्या वर्षी असंच म्हटलं होतं." त्यानं द्रोण काउंटरवर ठेवला. "पण पेढ्याचे पैसे देऊ नका. आपण आता एका घरचे."

त्या आठ दिवसांत मला कळलं, शेगाव किती लहान आहे. दूधवाल्यानं महिन्याचं बिल आठवण करून दिलं, जे तो कधी करत नव्हता. चादरी धुणारा म्हणाला, "मालक, हाताशी असन तर आधीच द्या." एक जण लॉज विकायचा आहे का असं विचारायला आला, मी त्याला सात नंबर दाखवून सहाशेची पावती फाडली, तेव्हा गेला. मी टपरीसमोरून जाणं सोडलं आणि मंदिरामागून लांबचा रस्ता धरला. गुडघा दुखायचा, पण मान दुखायची नाही.

झोप लागत नव्हती. मोटरीमुळे नाही. आरडी ठरल्याप्रमाणे आली नाही तर? कुठला कागद कमी पडला तर? लॉजवर संस्थेची पाटी लागलेली मला दिसायची. पाच वर्षांत पहिल्यांदा वाटलं, तुकड्यातुकड्यानं दिले असते तर आतापर्यंत संपलंही असतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. इथं लिहिलं, कारण पोरगा हे वाचणार नाही. तो फक्त आकडे वाचतो.

दहा मेला, बुधवारी, संस्थेचं शटर वर जात होतं तेव्हा आम्ही तिघं खाली उभे होतो. बायकोही आली होती, पाटल्या घालून. मॅनेजरनं आरडीचा हिशेब काढला: बारा लाख दोनशे सत्तावन्न. बारा लाख इकडून उचलून कर्जाच्या खात्यात ठेवले. संगणकावर दोन बटणं दाबली. मी खिशातून चौदा हजार काढून टेबलावर मोजले.

"झालं," तो म्हणाला.

"झालं म्हणजे?"

"कर्ज शून्य."

"मले बारा लाख दिसले नाहीत."

"खात्यातून खात्यात गेले, काका."

"मी एकदम देणार होतो. हातानं."

मॅनेजरनं पोराकडे पाहिलं. पोरानं आईकडे. ती मॅनेजरला म्हणाली, "साहेब, ते उरलेले दोनशे सत्तावन्न द्या त्यांच्या हातात. पाच वर्षं वाट पाहून राह्यले."

त्यानं दिले. मी मोजून घेतले. मग त्यानं बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असा कागद, छापला, त्यावर शिक्का मारला, लॉजचे गहाणाचे कागद मागे दिले आणि सांगितलं, बोजा उतरवायचं पत्र आठवड्यात तयार होईल. मी विचारलं, "अन् बोर्ड?"

"यादी महिन्याले एकदाच बदलते. आता एक जूनले."

"मी पैसे दिले."

"हो काका. पण यादी तर अध्यक्षांच्या सहीनं लागते. मध्ये फाडता येत नाही."

मी दाखल्याची घडी करून खिशात ठेवली. घरी येताना बायको म्हणाली, "आता काही करू नका. वीस दिवस आहेत, निघून जातील." मी म्हटलं, हो.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, लॉजवर पाय ठेवायला जागा नव्हती. मी पोराला काउंटरवर सोडलं, सकाळी आठला झेरॉक्सवाल्याला उठवलं, बेबाकी दाखला दुप्पट मोठा करून काढला, आणि संस्थेच्या बोर्डावर माझ्या नावाच्या अगदी शेजारी चार पिनांनी ठोकला. मग खालच्या बाकावर बसलो, समोरून चहा मागवला, आणि दुपारपर्यंत जो जो यादी वाचायला थांबला, त्याला म्हटलं, "बाजूचंही वाचा."